मीटिंगच्या इन्व्हाइटमध्येच अजेंडा आणि तयारी कशी लिहायची: निर्णयाच्या एका मीटिंगचं उदाहरण घेऊन

इन्व्हाइट वेळेत जातं, सगळे ते स्वीकारतात, आणि मीटिंग सुरू झाल्यावर पहिला प्रश्न येतो, "आज नेमकं काय आहे?" मग पंधरा मिनिटं पार्श्वभूमी सांगण्यात जातात. ज्याच्याकडे आकडा असतो तो म्हणतो, "मला कल्पना असती तर काढून आणला असता." इन्व्हाइट उघडून पाहिलं तर खालची चौकट एकतर रिकामी असते, नाहीतर तिच्यात "सोबतची फाईल पाहून यावे" एवढी एकच ओळ असते.

ही चौकट कशी भरायची, कुठल्या क्रमाने, आणि भरताना लोक कुठे चुकतात, हे इथे एका उदाहरणावरून दाखवतो. उदाहरण मुद्दाम निर्णयाच्या मीटिंगचं घेतलं आहे, कारण तयारी नसल्याचा फटका तिथे सर्वात जास्त बसतो. रोजच्या दहा मिनिटांच्या उभ्याउभ्या मीटिंगला यातलं काही लागत नाही.

उदाहरण: एका कार्यालयात ग्राहकांच्या तक्रारींना ४८ तासांत उत्तर देण्याचा नियम आहे. तो २४ तासांवर आणायचा का, हे ठरवायचं आहे. मीटिंग गुरुवारी सकाळी ११ वाजता, ४५ मिनिटांची. माणसं सहा: मीटिंग बोलावणारे तुम्ही, ग्राहक सेवेचे प्रमुख, पाळ्या लावणाऱ्या बाई, लेखा विभागातले एकजण, तक्रारींची सिस्टीम सांभाळणारा एकजण आणि विक्री प्रमुख.

## १. इन्व्हाइट उघडण्याआधी शेवटचं वाक्य लिहा

कॅलेंडर उघडू नका. आधी कागदावर किंवा नोटपॅडमध्ये एक वाक्य लिहा: लोक खोलीतून उठतील तेव्हा काय ठरलेलं असेल?

"तक्रारींच्या मुदतीबाबत चर्चा" हे ते वाक्य नाही. चर्चा काय, पाच मिनिटांतही होते आणि पाच तासांतही संपत नाही. आपल्या उदाहरणात ते वाक्य असं होईल: "मुदत ४८ तासांवरून २४ वर आणायची की नाही, आणि आणायची तर कुठल्या तारखेपासून, हे ठरलेलं असेल."

हे वाक्य आधी लिहायचं कारण असं की पुढचं सगळं त्यावरून उलट्या दिशेने निघतं. हा निर्णय घ्यायला कोणते आकडे लागतील? ते कोणाकडे आहेत? ते आकडे आधी कोणी पाहायला हवेत? अजेंडा आधी लिहून मग तयारी आठवायला बसलं की तयारीच्या जागी "सर्वांनी तयारीने यावे" असलं काहीतरी उरतं.

तपासा: वाक्यात "ठरलेलं असेल", "निवडलेलं असेल", "मंजूर झालेलं असेल" असं काही आहे का? "माहिती दिलेली असेल" एवढंच निघत असेल, तर मीटिंग न घेता ती माहिती लिहून पाठवता येईल का ते पाहा. बऱ्याचदा येते.

## २. अजेंडा प्रश्नांच्या रूपात, तीन ओळींत

४५ मिनिटांत तीन प्रश्न मावतात. चार घातले तर चौथा नेहमी "पुढच्या वेळी" जातो, आणि तो चौथाच बहुतेक वेळा निर्णयाचा असतो.

विषयाऐवजी प्रश्न लिहा. "सद्यस्थिती" असं लिहिलं की प्रत्येकजण आपल्या सोयीची सद्यस्थिती सांगतो. "आज किती तक्रारींना २४ तासांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि कशामुळे?" असं लिहिलं की उत्तर देणाऱ्याला आकडा आणि कारण घेऊनच यावं लागतं.

उदाहरणातला अजेंडा असा:

> १. २४ तासांत न बसणाऱ्या तक्रारी किती आणि का? – ग्राहक सेवा प्रमुख, १० मिनिटं
> २. संध्याकाळची जादा पाळी लावता येईल का, आणि खर्च किती? – पाळ्या व लेखा, १५ मिनिटं
> ३. निर्णय: २४ तास करायचे का, कधीपासून? – सगळे, १५ मिनिटं

बेरीज ४० होते. उरलेली ५ मिनिटं मुद्दाम मोकळी ठेवली आहेत. दोघं उशिरा जोडले जातात, कोणाचा तरी आवाज येत नाही, शेवटी कोण काय करणार ते बोलून घ्यायचं असतं. या गोष्टींना वेळ लागतोच, तो आधीच धरलेला बरा.

प्रत्येक प्रश्नापुढे माणूस हवा. "सगळे" फक्त निर्णयाच्या प्रश्नाला लिहायचं, बाकी कुठेही नाही. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही.

नेहमीची चूक: निर्णयाच्या प्रश्नाला सर्वात कमी मिनिटं देणं. "माहिती दिली की निर्णय आपोआप होईल" असं वाटतं, आणि मग माहितीवरच चाळीस मिनिटं बोलणं होतं.

## ३. तयारीची साखळी मांडा

या टप्प्यावर सर्वात जास्त गडबड होते, म्हणून इथे जरा थांबू.

"सोबतचं डॉक्युमेंट वाचून यावे" या सूचनेत तीन गोष्टी गायब आहेत: कितवं पान, वाचायला किती वेळ लागेल, आणि वाचून करायचं काय. बारा पानांची फाईल दिसली की माणूस ठरवतो, "नंतर निवांत वाचू." तो निवांत वेळ मीटिंगआधीच्या शेवटच्या तीन मिनिटांत येतो. "पान २ वरचा तक्ता, ४ मिनिटं" असं लिहिलं तर तो तिथल्या तिथे उघडून वाचतो, कारण चार मिनिटं प्रत्येकाकडे असतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तयारी सगळ्यांना एकाच वेळी करता येत नाही. आपल्या उदाहरणात बघा:

- तक्रारी किती अडकतात आणि दिवसाच्या कुठल्या वेळी अडकतात, हा आकडा ग्राहक सेवा प्रमुख देणार. पण त्याआधी सिस्टीम सांभाळणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांची यादी काढून द्यायला हवी.
- तो आकडा आल्याशिवाय पाळ्या लावणाऱ्या बाईंना जादा पाळीत किती माणसं लागतील ते सांगता येणार नाही.
- माणसं कळल्याशिवाय लेखा विभाग खर्च काढू शकणार नाही.
- विक्री प्रमुखांचं काम मात्र स्वतंत्र आहे: कोणकोणत्या ग्राहकांना मुदतीचं लेखी आश्वासन दिलेलं आहे, ते पाहायचं.

या सगळ्यांना "गुरुवारपर्यंत आकडे तयार ठेवा" असं लिहिलं तर काय होईल? सिस्टीमवाला बुधवारी संध्याकाळी यादी देईल, सेवा प्रमुख गुरुवारी दहा वाजता आकडा काढतील, आणि उरलेले दोघं प्रामाणिकपणे रिकाम्या हातांनी येतील. चूक त्यांची नाही. मुदत सगळ्यांना एकच दिली, तिथेच ते ठरलं.

म्हणून मीटिंगपासून मागे मोजत या. गुरुवारी ११ ला मीटिंग. सगळ्यांना वाचायला बुधवारची संध्याकाळ हवी, म्हणजे खर्च बुधवारी दुपारी ३ पर्यंत. त्यासाठी माणसांचा आकडा बुधवारी सकाळी ११ पर्यंत. त्यासाठी तक्रारींचा आकडा मंगळवारी संध्याकाळी ५ पर्यंत. आणि यादी सोमवारी संध्याकाळी ५ पर्यंत. म्हणजे इन्व्हाइट आधीच्या शुक्रवारी सकाळी जायला हवं. इन्व्हाइट किती दिवस आधी पाठवायचं याचा ठोकळेबाज नियम मी कधीच पाळत नाही, साखळीच ते सांगते. साखळी जितकी लांब, तितकं लवकर.

हे आकडे लिहायचे कुठे, तेही आधीच ठरवा. एकच सामाईक फाईल करा, तिच्यात प्रत्येकासाठी नावाची रिकामी ओळ ठेवा आणि तीच लिंक इन्व्हाइटमध्ये द्या. प्रत्येकाने वेगवेगळा मेल पाठवला तर ते पाच मेल एकत्र करायचं काम पुन्हा तुमच्याच गळ्यात पडतं.

तपासा: प्रत्येक सूचनेत क्रियापद, जागा आणि वेळ आहे का? "लिहा – फाईलमधली ओळ २ – मंगळवार संध्याकाळी ५" अशी ती असावी. "विचार करून या" ही सूचना काढून टाका. माणसं विचार करूनच येतात, तुम्हाला हवा त्यावर नाही एवढंच.

सावधान: ज्याला काहीच तयारी नाही असा एखादा यादीत राहिला असेल, तर त्याला बोलावलं का आहे ते स्वतःला विचारा. तो ऐच्छिक चालणार असेल तर आउटलुकमध्ये त्याचं नाव `Optional` मध्ये टाका. गूगल कॅलेंडरमध्येही पाहुण्याच्या नावाजवळ त्याला ऐच्छिक करायची सोय आहे.

## ४. शीर्षक आणि पहिल्या दोन ओळी

कॅलेंडरच्या आठवड्याच्या किंवा महिन्याच्या पानावर शीर्षकाचे पहिले तीनचार शब्द दिसतात, बाकीचे कापले जातात. "ग्राहक तक्रार निवारण प्रक्रियेच्या संदर्भात बैठक" या शीर्षकाचं तिथे "ग्राहक तक्रार निवा…" होतं. याच कार्यालयात अशा आणखी चार मीटिंगा असतात, म्हणजे कळलं काहीच नाही.

कामाचा शब्द पुढे घ्या: निर्णय: तक्रारींना २४ तासांत उत्तर? "निर्णय" हा पहिला शब्द वाचूनच माणूस सावध होतो. शेवटचं प्रश्नचिन्ह विसरू नका, नाहीतर लोकांना वाटतं ठरलंच आहे. मी एकदा ते विसरलो होतो. मीटिंगच्या आदल्या दिवशी दोघांनी फोन करून विचारलं, की आम्हाला न विचारता कसं ठरवलं? मीटिंगची पहिली दहा मिनिटं त्या रागावर खर्च झाली.

शीर्षकाखालच्या मजकुराच्या पहिल्या दोन ओळीही तितक्याच मोलाच्या. फोनवर चौकट उघडल्यावर आधी त्याच नजरेस पडतात. तिथे "नमस्कार, आपण सर्व कुशल असाल अशी आशा आहे" लिहून जागा घालवू नका. पहिल्या ओळीत पहिल्या टप्प्यातलं शेवटचं वाक्य आणि दुसरीत फाईलची लिंक द्या.

## ५. चौकटीत मजकूर या क्रमाने ठेवा

बहुतेक लोक अजेंडा आधी आणि तयारी नंतर लिहितात. मी उलट करतो. अजेंडा मीटिंगमध्ये बसल्यावर लागतो, तयारी आज लागते. जे आज करायचं ते वर.

उदाहरणातला पूर्ण मजकूर असा:

> काय ठरायला हवं: तक्रारींच्या उत्तराची मुदत ४८ वरून २४ तास करायची का, करायची तर कधीपासून.
> फाईल: (इथे लिंक)
>
> तयारी – आकडे फाईलमध्ये आपल्या नावाच्या ओळीत लिहा:
> सिस्टीम – गेल्या ३ महिन्यांची तक्रारींची यादी. सोमवार, संध्या. ५
> ग्राहक सेवा – २४ तासांवर गेलेल्या किती, कुठल्या वेळी, ३ मुख्य कारणं. मंगळवार, संध्या. ५
> पाळ्या – जादा पाळीला किती माणसं. बुधवार, सकाळी ११
> लेखा – त्या पाळीचा महिन्याचा खर्च. बुधवार, दुपारी ३
> विक्री – लेखी मुदत दिलेले ग्राहक. बुधवार, दुपारी ३
> सगळे – पान २ वाचा, ४ मिनिटं. बुधवारी ३ नंतर
>
> अजेंडा
> १. २४ तासांत न बसणाऱ्या किती, का? – ग्राहक सेवा, १० मि.
> २. जादा पाळी जमेल का, खर्च किती? – पाळ्या, लेखा, १५ मि.
> ३. करायचं का, कधीपासून? – सगळे, १५ मि.
>
> यात नाही: तक्रारींचा नवा फॉर्म. त्यावर वेगळी मीटिंग घेऊ.

प्रत्यक्षात विभागांच्या जागी माणसांची नावं लिहा. माणूस यादीत आपलं नाव शोधतो, विभागाचं नाव नजरेतून सुटतं.

शेवटची "यात नाही" ही ओळ क्षुल्लक वाटते, पण प्रत्येक ठिकाणी असा एक विषय असतो जो कुठल्याही मीटिंगमध्ये शिरतो. तो कोणता हे तुम्हाला माहीत असतं. त्याचं नाव आधीच लिहून टाकलं की मीटिंगमध्ये कोणाला गप्प करावं लागत नाही, त्या ओळीकडे बोट दाखवलं की भागतं.

आता चौकटीच्या काही खोडी.

ठळक अक्षरांवर विसंबू नका. कॅलेंडरं एकमेकांना निमंत्रण ज्या `iCalendar` पद्धतीने पाठवतात, तिच्यात `DESCRIPTION` हा भाग मूळचा साधा मजकूर आहे. त्यामुळे तुमच्या कॅलेंडरमध्ये ठळक आणि रंगीत दिसणारी गोष्ट दुसऱ्या कंपनीचं कॅलेंडर वापरणाऱ्याला सपाट दिसू शकते, कधी `<b>` असल्या खुणांसकटही. म्हणून अर्थ रंगावर किंवा जाडीवर सोडू नका. "लाल रंगातली कामं आधी करा" असं कधीच लिहू नका. रिकामी ओळ, आकडा, डॅश आणि स्वतंत्र ओळीवरचा मथळा एवढ्यावर मजकूर उभा राहिला पाहिजे. तक्ता तर अजिबात चिकटवू नका, तो फाईलमध्येच ठेवा.

जोडणीच्या लिंकच्या वर लिहा. आउटलुकमधून टीम्सची मीटिंग केली की मीटिंगमध्ये शिरायची लिंक चौकटीतच खाली येते. घाईत सगळं निवडून मजकूर चिकटवला तर ती पुसली जाते, आणि ११ वाजता सहा जण "लिंक कुठाय" विचारतात. कर्सर सगळ्यात वर न्या आणि तिथे लिहा. गूगल कॅलेंडरमध्ये मीटची लिंक वेगळ्या रकान्यात असते, त्यामुळे ही भीती तिथे नाही.

फाईल जोडण्यापेक्षा लिंक द्या. जोडलेली फाईल म्हणजे प्रत्येकाकडे गेलेली एक प्रत. आपल्या उदाहरणात फाईल बुधवारपर्यंत भरत जाणार आहे, तर शुक्रवारी जोडलेली प्रत गुरुवारी रिकामीच असेल. ज्यात काही बदलणार नाही असा करार किंवा जुना अहवाल मात्र जोडायला हरकत नाही.

वेळ मजकुरात लिहिली की ती तिथेच गोठते. मीटिंगची वेळ प्रत्येकाच्या देशाप्रमाणे कॅलेंडर आपोआप बदलून दाखवतं, पण तुम्ही हाताने लिहिलेलं "दुपारी ३" बदलत नाही. कोणी दुसऱ्या टाइमझोनमध्ये असेल तर कुठल्या ठिकाणचे ३ ते लिहा. तारखेला "५/६" असंही लिहू नका. कोणी पाच जून वाचतं, कोणी सहा मे. वार लिहिला की वाद मिटतो.

सावधान: चौकटीतला मजकूर फक्त बोलावलेल्यांनाच दिसतो असं नाही. कोणी इन्व्हाइट पुढे पाठवलं की मजकूरही पुढे जातो. तुमचं कॅलेंडर कोणाला `See all event details` या परवानगीने दिलेलं असेल, तर त्यालाही तो वाचता येतो. पगार, तक्रार करणाऱ्याचं नाव, कोणाच्या कामावरची टीका यातलं काही चौकटीत नको. ते मर्यादित लोकांना उघडणाऱ्या फाईलमध्ये ठेवा.

## ६. पाठवण्याआधी दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघा

पाठवणाऱ्याला सगळं बरोबरच दिसतं. फाईल त्याचीच असते, तेव्हा ती त्याला उघडते. ठळक अक्षरं त्यानेच केलेली असतात, तेव्हा ती दिसतात. म्हणून आधी फक्त स्वतःच्या दुसऱ्या खात्यावर, किंवा हो म्हणेल अशा एका सहकाऱ्याला, तेच इन्व्हाइट पाठवा आणि तीन गोष्टी पाहा.

पहिली, फोनवर उघडून पाहा. "काय ठरायला हवं" आणि लिंक पटकन सापडते का? सापडत नसेल तर वर काहीतरी पाल्हाळ उरलं आहे.

दुसरी, लिंक खाजगी विंडोमध्ये उघडा, म्हणजे लॉग-इन न करता. गूगल ड्राइव्हवरची फाईल `Restricted` असेल तर ती लॉग-इन करायला सांगेल. तसं असणं चुकीचं नाही, पण मग सहाही जणांना नावानिशी परवानगी दिली आहे का ते पाहा. आणि परवानगी कोणती दिली तेही. आकडे लिहायचे आहेत त्यांना `Viewer` देऊन ठेवलं तर ते वाचतील, लिहू शकणार नाहीत. त्यांना `Editor` हवं. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की "आकडा का नाही लिहिलात?" विचारण्याआधी मी परवानगी तपासतो.

तिसरी, मजकूर मोठ्याने वाचा. एका मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला तर कापा. सहसा तयारीच्या सूचनांत पार्श्वभूमी शिरलेली असते. पार्श्वभूमी फाईलच्या पान १ वर घाला.

चाचणीचं इन्व्हाइट आठवणीने रद्द करा. नाहीतर गुरुवारी त्या सहकाऱ्याच्या कॅलेंडरवर दोन मीटिंगा दिसतील.

## ७. पाठवा, आणि मध्ये एकदाच हात लावा

पाठवताना गूगल कॅलेंडर पाहुण्यांना मेल पाठवायचा का असं विचारतं. तिथे `Send` निवडा. `Don't send` निवडलं तर मीटिंग त्यांच्या कॅलेंडरवर दिसू शकते, पण तयारीचा मेल जात नाही, आणि तयारी तर शुक्रवारपासूनच सुरू व्हायची आहे.

मीटिंगआधीच्या रिमाइंडरवर तयारी सोपवू नका. आउटलुकचा नेहमीचा रिमाइंडर १५ मिनिटं आधी वाजतो. तो खोलीत जायची आठवण देतो, खर्च काढायची नाही. ज्यांच्यावर साखळी अडते अशा दोघातिघांना त्यांच्या मुदतीच्या दिवशी सकाळी एक ओळ लिहा. उदाहरणात मंगळवारी सकाळी सेवा प्रमुखांना: "आज ५ पर्यंत तुमचा आकडा आला की पाळ्यांचं काम सुरू होईल." कोणासाठी हवं ते सांगितलं की काम लवकर होतं, नुसतं "आठवण" म्हणून लिहिलेलं मेलच्या ढिगात जातं.

इन्व्हाइटच्या मजकुरात बदल करायचा असेल तर एकदाच करा, आणि काय बदललं ते सगळ्यात वर लिहा: "बदल, मंगळवार: विक्रीची ओळ जोडली, बाकी तेच." अपडेट आलं की लोक ते न वाचताच स्वीकारतात. तीन वेळा अपडेट आलं तर चौथ्यात मीटिंग रद्द झाली असली तरी कळणार नाही. मधले सगळे छोटे बदल फाईलमध्ये करा, इन्व्हाइटला त्यासाठी हात लावू नका.

सावधान: मीटिंग एक दिवस पुढे ढकललीत तर कॅलेंडर फक्त मीटिंगची वेळ हलवतं. चौकटीतले "मंगळवार संध्या. ५", "बुधवार ३" तिथेच राहतात. ढकलताना मुदती हाताने बदला, आणि त्या बदलल्याचं वर लिहा.

## ८. दर आठवड्याची मीटिंग असेल तर

मालिकेच्या इन्व्हाइटमध्ये एकदा लिहिलेला अजेंडा तिसऱ्या आठवड्यापर्यंत शिळा होतो, आणि चौथ्या आठवड्यापासून कोणी चौकट उघडतच नाही. त्यामुळे मालिकेच्या चौकटीत फक्त न बदलणाऱ्या दोन ओळी ठेवा: मीटिंग कशासाठी आहे, आणि चालू फाईलची लिंक. त्या आठवड्याचे प्रश्न आणि तयारी त्या फाईलमध्ये सगळ्यात वर, तारखेच्या मथळ्याखाली लिहा.

एखाद्या आठवड्यात खरंच वेगळी तयारी असेल तर फक्त त्या दिवसाचं इन्व्हाइट बदला. गूगल कॅलेंडर विचारेल तेव्हा `This event` निवडा. इथे चुकून `All events` दाबलं की एका मीटिंगची तयारी वर्षभराच्या मीटिंगांवर चिकटते. आउटलुकमध्ये उलटा धोका आहे. एकेका दिवसाचा मजकूर नीट भरून ठेवला, आणि नंतर पूर्ण मालिकेची वेळ किंवा वार बदलला, तर ते एकेक बदल पुसले जातात. आउटलुक तसा इशारा देतं, पण आपण तो न वाचता पुढे जातो. दोन महिन्यांच्या मीटिंगांची तयारी मी अशीच एका शुक्रवारी घालवली. तेव्हापासून एकेका दिवसाचा मजकूर फाईलमध्ये असतो.

## ९. मीटिंगच्या आदल्या दिवशी दुपारी ३ वाजता

फाईल उघडा. कोणाच्या ओळी रिकाम्या आहेत?

विक्रीची ओळ रिकामी असेल तर मीटिंग होऊ शकते. ती माहिती मीटिंगमध्येही विचारता येईल, निर्णयाची तारीख ठरवताना लागेल एवढंच. सेवा प्रमुखांचा आकडाच नसेल तर मात्र पुढचे दोन आकडेही नसणार, आणि ४५ मिनिटं अंदाजांवर जातील. अशा वेळी मीटिंग दोन दिवस पुढे ढकला, मुदतीही हलवा, आणि कशामुळे ढकलली ते चौकटीच्या वरच्या ओळीत साधेपणाने लिहा: "तक्रारींचा आकडा यायचा आहे, म्हणून शनिवारी ११." कोणाचं नाव घ्यायची गरज नाही, ज्याला कळायचं त्याला कळतं. हे एकदा करायला अवघड जातं. पण तयारीशिवाय मीटिंग होतच राहिली, तर चौकटीत लिहिलेल्या मुदती शोभेच्या आहेत हे लोकांच्या दुसऱ्याच मीटिंगला लक्षात येतं.

सगळ्या ओळी भरलेल्या असतील तर गुरुवारी ११ वाजता पार्श्वभूमी सांगू नका. फाईल पडद्यावर लावा आणि थेट पहिला प्रश्न विचारा. ज्याने वाचलं नाही त्याच्यासाठी सगळं पुन्हा सांगितलंत, तर पुढच्या वेळी ज्यांनी वाचलं तेही वाचणार नाहीत. त्याला पान २ उघडून द्या, चार मिनिटांचंच आहे.